जाहीर नोटीस कुठल्या गावच्या दैनिकात?

«नवरा चार वर्षांपासून बेपत्ता आहे, समन्स परत आले. आता पेपरात नोटीस दिली की झाले का?»

त्याआधी न्यायालयाची परवानगी लागते. बेलिफाचा अहवाल आणि सासरी, नातेवाइकांकडे, जुन्या नोकरीच्या ठिकाणी केलेल्या चौकशीचे प्रतिज्ञापत्र जोडून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 20 खाली अर्ज करावा. दैनिक मात्र तो शेवटी जिथे राहत किंवा काम करत होता, त्याच भागात खपणारे हवे. तुम्ही पुण्यात आणि तो शेवटी नाशिकला असेल, तर फक्त पुण्यात खपणाऱ्या दैनिकातली नोटीस, स्वस्त पडली तरी, कामाची नाही. कारण पुढे तो उगवला आणि समन्स रीतसर बजावलेच नव्हते हे त्याने पटवून दिले, तर त्याच्या गैरहजेरीत झालेला एकतर्फी हुकूमनामा आदेश 9, नियम 13 खाली रद्द होऊ शकतो. कात्रण नको, तारखेसह पूर्ण पान दाखल करा.