केदारकंठाला पॉवर बँक: दहा हजार की वीस हजार?

सांजवारा: डिसेंबरअखेर केदारकंठा करतेय. सांकरी सोडलं की चार दिवस, तीन रात्री वीज नाही. फोन ५००० एमएएचचा, शिवाय हेडलॅम्प आणि घड्याळ. वीस हजारची बँक ४०० ग्रॅम भरते, दहाची २१०. कुठली नेऊ?

पायवाट: वीसच. दोनशे ग्रॅमने पाठ मोडत नाही. थंडीत बॅटरी अर्धी होते, म्हणजे दहाची पाचच उरली समजा.

सोल्डरवाला: अर्धी होते ती रात्रभर सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली तर. गारठ्यात सेलचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज लवकर पडतं आणि बँक 'संपले' म्हणून डोळे मिटते. अंगाशी धरून ऊब दिलीत की बरीचशी वीज परत मिळते.

खरी गळती डब्यावरच्या आकड्यात आहे. ते दहा हजार सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेले, केबलमधून जातात ५ व्होल्ट. मागच्या बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' बघा, ६००० च्या आसपास सापडेल. तेवढ्यात तुमचा फोन साधारण दीड वेळा भरतो. विमान मोडवर, फोटो काढत, दिवसाला ४० टक्के धरले तरी चार दिवसांचे १६०. त्यातले १०० फोनमध्येच घेऊन निघता. वरच्या ६० साठी वीस हजार कशाला?

कुलंगकर: ६५ वॅटवाली घ्या हो. अलंग-मदन-कुलंगला माझ्याकडे होती, अर्ध्या तासात फोन टकाटक.

सोल्डरवाला: तंबूत आठ तास झोपायचंय, घाई कुणाला? वेग बँक *भरताना* हवा. सांकरीत एकच रात्र, त्यात दिवे जातात. १० वॅटने वीस हजार भरायला रात्र पुरत नाही. घड्याळ मात्र आधी घरीच लावून बघा. ते इतका कमी करंट घेतं की काही बँका मिनिटभरात आपोआप बंद पडतात. 'लो करंट मोड' असेल तरच पूर्ण चार्ज होतं.

पायवाट: हिशोब कागदावर ठीक. मी समिटच्या पहाटे तीनला उठलो, फोन ४० टक्क्यांवर असताना मेला. बँक लावली तर चार्जच घेईना.

सोल्डरवाला: बँक कुठे होती?

पायवाट: स्लीपिंग बॅगमध्ये. फोन बाहेर होता.

सोल्डरवाला: मग फोन गारठला होता. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियमचा थर जमून सेल कायमचा खराब होतो, म्हणून बरेच फोन चार्जिंग नाकारतात. दोघांनाही मोज्यात घालून पायाशी घ्यायचं, चार्जिंगही तिथेच. पण जाड रजईत गुंडाळू नका, तापतात.

पायवाट: तरी एक बँक बिघडली तर? मी आता दहाच्या दोन नेतो.

सांजवारा: दोन दहा म्हणजे वजन वीसइतकंच झालं की! एक मैत्रिणीच्या सॅकमध्ये ढकलावी म्हणते.