मदत हवी आहे: पुरानंतर दुकानाच्या कर्जाचे हप्ते तीन महिने थांबवायचे आहेत

गोदाकाठ
भांडी बाजारात दुकान आहे. पाणी काउंटरच्या वर चढलं. तांब्या-पितळेचं निभावलं, पण मिक्सर, कुकरची खोकी, बिलबुकं सगळं चिखलात. ५ तारखेला हप्ता कापला जाईल. शाखेत साहेब म्हणाले, "वर कळवतो, बघू." अर्जात नेमकं काय लिहू? लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

सायखेडकर
३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर पुनर्गठन होतंच, ५० च्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, बाकी बँक बघते. आमच्या द्राक्षबागेला तेच लागू झालं.

वसुधा_क
सायखेडकर, ते टक्के पिकाच्या नुकसानीचे आणि पीक कर्जाचे. दुकानाच्या कर्जाला आपोआप काही होत नाही, अर्ज करावाच लागतो.
गोदाकाठ, आधी हे सांगा: बँक आहे, फायनान्स कंपनी की पतसंस्था? शिल्लक किती, व्याज किती? मालाचा विमा आहे का? आणि पूर आला त्या दिवशी एखादा हप्ता थकलेला होता का?

गोदाकाठ
बँक. शिल्लक ६ लाख, १२ टक्के, ४८ हप्ते उरलेत, हप्ता १५,८००. माल तारण आहे. विमा बँकेनेच काढला होता. मागच्या महिन्याचा हप्ता बाऊन्स झालाय, पण तो भरणारच होतो. त्याचा इथे काय संबंध?

नाना_पंचवटी
सरळ ऑटोडेबिट बंद करा. खात्यात पैसेच नसले तर कापणार काय?

वसुधा_क
नाना, असं कृपा करून सुचवू नका. ऑटोडेबिट बंद केल्याने हप्ता थांबत नाही, थकीत दिवस मोजले जातातच. ९० दिवस ओलांडले की खातं एनपीए, आणि मग सवलत मागणं फार अवघड होतं.

गोदाकाठ, संबंध इथेच आहे. पुराआधीच खातं थकलेलं असेल तर "अडचण पुराची नाही" हा पहिला आक्षेप येतो. म्हणून मागचा हप्ता आणि बाऊन्स चार्ज आजच भरा, पावती अर्जाला जोडा.

अर्ज एका पानाचा. खाते क्रमांक, पुराची तारीख, पाणी किती फूट होतं, कोणता माल किती रुपयांचा गेला, दुकान कधी उघडेल. मागणी आकड्यात लिहा: "पुढचे तीन हप्ते स्थगित करावेत, मुदत तेवढी वाढवावी, हा काळ थकबाकी म्हणून कळवू नये." नुसतं "सहकार्य करावे" लिहिलंत तर हाताशी काही येत नाही. पंचनाम्याची प्रत, फोटो, शेवटचं स्टॉक स्टेटमेंट जोडा. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत ५ तारखेची रक्कम खात्यात असू द्या. तोंडी होकारावर सिस्टिम थांबत नाही.

मिलिंद_सिडको
तीन महिने व्याजही लागत नाही ना? कोविडमध्ये माफ झालं होतं.

वसुधा_क
माफ नव्हतं झालं. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलता आले, व्याज चालूच राहिलं. परत मिळालं ते व्याजावरचं व्याज.
इथला हिशोब: ६ लाखांवर महिन्याला १ टक्का, तीन महिन्यांनी शिल्लक ६,१८,१८१. हप्ता १५,८०० च ठेवला तर ४८ ऐवजी ५० हप्ते, शेवटचा थोडा लहान. म्हणजे एकूण साधारण ३० हजार जास्त जातील. जमलं तर हप्ता थांबवण्याऐवजी तीन महिने फक्त व्याज भरण्याची परवानगी मागा. महिना ६,००० पडेल, मुद्दल वाढणार नाही.

चारचाकी_प्रेमी
गाडी पाण्यात होती का कुणाची? चावी फिरवू नका, टो करून न्या. इंजिनात पाणी ओढलं गेलं की विमेवाले क्लेम अडवतात.

नाना_पंचवटी
बँकेने नाही म्हटलं तर थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तो द्यायलाच लावतो.

वसुधा_क
आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर cms.rbi.org.in वर. पण सवलत द्यावी की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो, त्यात लोकपाल पडत नाहीत. उत्तरच न देणं, मंजुरी असूनही हप्ता कापणं, अशा गोष्टींत उपयोग होतो. पतसंस्था असती तर हा रस्ताच नव्हता, जिल्हा उपनिबंधकांकडे जावं लागलं असतं.

आणि विम्याला आजच कळवा. सर्वेअर येईपर्यंत भिजलेला माल टाकू नका. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर भरपाई आधी कर्ज खात्यात जाऊ शकते. ती नवा माल भरायला मोकळी करावी, हेही अर्जात लिहा.

गोदाकाठ
मागचा हप्ता भरला. अर्जावर शिक्का मिळाला. माल थोडा टाकला गेलाय, फोटो आहेत. पण पॉलिसी काढून पाहिली तर त्यावर जुन्या गोडाऊनचा पत्ता आहे, मेनरोडचा. दुकान हलवून दोन वर्षं झाली. आता?

वसुधा_क
हे अवघड आहे. पत्ता बदलल्याचं बँकेला लेखी दिलं होतं का? दुकान हलवल्यानंतरच्या स्टॉक स्टेटमेंटवर कोणता पत्ता आहे, तो आधी बघा. नवा असेल तर बँकेला माहीत होतं हे दाखवता येईल. सर्वेअरला मात्र पत्ता लपवून सांगू नका.

गोदाकाठ
स्टेटमेंटच्या प्रती दुकानातच होत्या. शाखेकडून मागवतो.