शेजाऱ्याची विनंती मराठीत उतरवताना : आपले अनुभव

गणेशोत्सवात आमच्या अमराठी शेजाऱ्यांनी मंडळाला द्यायची इंग्रजी चिठ्ठी मला मराठीत करून मागितली. उत्सव आवडतो, पण वडिलांची शस्त्रक्रिया झाली आहे, तेव्हा रात्री आवाज कमी करावा, एवढाच मजकूर होता. मी लिहिले : ‘आपल्या लाउडस्पीकरमुळे आम्हांस त्रास होत आहे. कृपया आवाज कमी करावा. आगाऊ धन्यवाद.’ ते वाचून मुलगा म्हणाला, “आई, आगाऊ कोण, आपण की ते?” तुम्ही अशा वेळी काय लिहिता?

अनुवादाचे काम करणारी : समोरच्याने होकार देण्याआधीच आभार मानले की त्याला नाही म्हणण्याची सोय उरत नाही, म्हणून ते शब्द मी सरळ गाळते. ‘आपल्यामुळे त्रास’ म्हटले की बोट रोखल्यासारखे होते आणि ‘कृपया करावा’ हे जिन्यातल्या सूचनेचे मराठी आहे. मी असे लिहीन : ‘बाबांचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेत, रात्री जेमतेम डोळा लागतो. आरती झाली की आमच्या खिडकीकडचा स्पीकर जरा बारीक करता येईल का?’ अडचण आधी सांगितली की विनंती आपोआप मवाळ होते. मात्र ‘जरा’ या शब्दाला माप नसते, त्यामुळे कार्यकर्ता बटण केसभर फिरवून मोकळा होतो. म्हणून ‘खिडकी लावल्यावर आत ऐकू येणार नाही इतका’ असे जोडावे.

एक सभासद : नियमाचा उल्लेख अवश्य करा. रात्री 10 पर्यंत काहीही वाजवता येते, त्यानंतर बंदी आहे.

अनुवादाचे काम करणारी : दहाची वेळ बरोबर आहे, पण सरकार वर्षातले काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, आणि निवासी भागात दिवसाही 55 डेसिबलची मर्यादा आहेच. तरी पहिल्याच चिठ्ठीत नियम आला, की ती विनंती राहत नाही, तक्रार होते.

आणखी एक जण : आमच्याकडे ढोल-ताशाचा सराव महिनाभर चालतो. मी तर थेट पोलिसांना फोन केला होता. पथकातली मुले अजून माझ्याकडे पाहत नाहीत.

धागा काढणारी : सराव वेगळा विषय आहे, पण मुलांचे न पाहणे कळले. शेजाऱ्यांना ‘उत्सव आवडतो’ हे वाक्य हवेच होते. ते सुरुवातीला ठेवले तर पुढचा ‘पण’ सगळी गोडी घालवत होता, म्हणून मी शेवटी लिहिले : ‘बाबा बरे झाले की आरतीला घेऊन येतो.’ चिठ्ठी द्यायला मी सोबत गेले. कार्यकर्त्याने ती वाचली आणि विचारले, “काकू, कोणता स्पीकर?” तो त्याने रस्त्याकडे वळवला. आवाज मात्र तेवढाच आहे.