मदत हवी आहे: अर्जात चार वेळा ‘हेल्प’ झालंय

इंग्रजीत अर्ज भरतेय. २०१९ च्या महापुरात कोल्हापुरात एका छावणीत काम केलं होतं, ते लिहायचंय. डॉक्टरांच्या हाताखाली औषधं काढून द्यायचे, तिथे ‘असिस्टेड’ बसतं. पूरग्रस्तांना ‘फॅसिलिटेट’ केलं असं लिहिलं, तर दादा हसला. म्हणाला, तो शब्द कामाला लागतो, माणसाला नाही. ‘नोंदणी फॅसिलिटेट केली’ असं लिही. पटलं. ‘एड’ तर मदतसामानाच्या पेटीवरचा वाटतो.

अडलंय ते एका आजींपाशी. घर गेलेलं, त्यांच्याशेजारी रोज नुसती बसायचे. तिथे ‘सपोर्टेड’ पुरेल, की ‘इमोशनल सपोर्ट’ म्हणू? की सरळ ‘रोज तासभर बसून ऐकलं’ असंच लिहू? उद्या पाठवायचाय, सांगा की!