वजनावर सलाईनचा वेग: गणित बरोबर, मग बोलणी कशाला?

इंटर्न_सोलापूरकर: पहिल्या दहा किलोंना किलोमागे ताशी ४ मिली, पुढच्या दहांना २, त्यापुढे १. निमोनियाच्या १४ किलोच्या पोराला मी ताशी ४८ मिली आयसोलाइट-पी लावलं. राऊंडला सरांनी बाटली बदलली, वेग ३२ वर आणला आणि वर सगळ्यांसमोर झापलं. वजनाप्रमाणे देणं चूक कधीपासून झालं?

सात_रस्ता: झापलं ते बरं झालं. हे गणित १९५७ चं आहे. हॉलिडे आणि सेगर यांनी पोर किती कॅलरी जाळतं यावरून पाणी काढलं, आणि मीठ किती द्यायचं ते आईच्या आणि गाईच्या दुधाकडे बघून ठरवलं. धडधाकट पोराला ते चालतं. तुझं पोर धापा टाकतंय. निमोनियात, मेंदूज्वरात, ऑपरेशननंतर एडीएच हे पाणी धरून ठेवणारं हार्मोन चढलेलं असतं, मूत्रपिंड पाणी सोडतच नाही. त्यात आयसोलाइट-पीच्या लिटरमध्ये सोडियम २५ च्या आसपास, नॉर्मल सलाईनमध्ये १५४. म्हणजे तू दिवसाला सव्वा लिटरला थोडं कमी, जवळजवळ साधं पाणीच ओततोयस.

असंच एक पोर मी बघितलंय. दाखल होताना सोडियम १३५. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन उलट्या, मग पेंग. सगळे म्हणाले आजाराचंच आहे. लघवी कमी आणि वजन ४०० ग्रॅमनी वाढलेलं, पण त्याकडे कुणी बघितलंच नाही. दुपारी झटका आला, तेव्हा सोडियम १२२. ३ टक्के सलाईन दिल्यावर सावरलं.

जुना_एमबीबीएस: आम्ही तीस वर्षं आयसोलाइट-पीच लावतोय, एकालाही झटका नाही. वेग दोन तृतीयांश करा की, बाटलीला कशाला दोष? नॉर्मल सलाईनने पोरं सुजवायची आहेत का?

सात_रस्ता: तीस वर्षांत सोडियम किती वेळा तपासलं, तेही सांगा. वेग कमी करा हे तुमचं बरोबर, पण ३२ नेसुद्धा पातळ पाणीच जातंय. बाटलीतलं मीठ जास्त महत्त्वाचं. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ मध्ये २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंत आयसोटोनिकच, म्हणजे रक्ताइतक्या मिठाचंच, सांगितलंय, सोबत डेक्स्ट्रोज आणि पोटॅशियम. डीएनएसच्या ५०० मिलीत केसीएल ५ मिली घातलं की झालं, तेही लघवी झाल्यावर आणि बाटली नीट हलवून. हृदय, किडनी, लिव्हरची पोरं यात धरू नका, नवजात तर नाहीच.

जुना_एमबीबीएस: अमेरिकेत रात्री दोनला सोडियम मिळतं. माझ्याकडे लॅबवाला सकाळी नऊला येतो.

रात्रपाळी_सिस्टर: तुमचं ४८ आणि ३२ होईल, पण वजन कुणी केलं? आमच्याकडे पोरगं चादरीत गुंडाळून काट्यावर, आणि चादर सोलापुरी! दीड किलो तिचंच. "थंडी वाजतीय ओ सिस्टर" म्हणून आजी सोडत नाही.

इंटर्न_सोलापूरकर: दीड किलोने १४ च्या पोराला ताशी ३ मिलीचा फरक. एवढं काय त्यात?

रात्रपाळी_सिस्टर: सहा किलोच्या बाळाला २४ चे ३० होतात, ते धरा. आणि सरांचं ते ४०० ग्रॅम वाढलेलं वजन चादरीत दिसणार कसं? रोज त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत, नाहीतर करूच नका. पुढचं ऐका. मायक्रो सेटवर ताशी ४८ म्हणजे मिनिटाला ४८ थेंब. सेट संपले की कुणीतरी मोठा सेट लावतं, त्यात २० थेंबांचा १ मिली. तिथंही ४८ थेंबच मोजले तर तिप्पट जातं, बाटली साडेतीन तासांत रिकामी. हवेत सोळा. तुम्ही कागदावर नुसतं मिली लिहून झोपायला जाता, थेंब आम्ही मोजायचे.

अक्कलकोट_रोड: असंच झालं ओ आमच्या पोरीला! जुलाबात तासाभरात अर्धी बाटली संपवली. वजन १२. हे गणित लावलं तर ताशी ४४ च निघतंय. बिल वाढवायला दिलं ना?

रात्रपाळी_सिस्टर: नाही दादा. ते गेलेलं पाणी भरून काढणं, हे रोजचं पाणी. डोळे खोल गेलेल्या पोरीला ४४ वर ठेवलं असतं तर तुम्हीच ओरडला असता.

अक्कलकोट_रोड: मग तसं सांगायला तोंड नव्हतं का तिथल्या कुणाला?

इंटर्न_सोलापूरकर: बरं, बाटली माझी चुकली. उद्यापासून थेंबही लिहितो, चादरीचं वजनही वजा करतो, आजीची सही घेतो! पण सर, ३२ च का? काहीजण निम्मंच देतात.

सात_रस्ता: निम्म्यापासून पाऊण हिश्शापर्यंत सगळं चालतं, त्यावर आमच्यातच एकमत नाही. ३२ वर सुरू कर, सकाळी सोडियम बघ, लघवी मोज. प्यायला लागलं की तेवढं सलाईन कमी कर, त्याचाच हिशोब सगळे विसरतात.

जुना_एमबीबीएस: आणि लॅबवाला नऊलाच येणार, त्याचं काय?