सरांच्या नावाचं व्याख्यान: व्याजात बसेल तेवढंच

> सरांच्या नावे २ लाख जमलेत. सांगलीत दरवर्षी व्याख्यान निभेल का?

निभेल, पण व्याजातच. ७ टक्के धरले तर वर्षाला १४,००० येतात. त्यातले २,००० मुद्दलात परत टाका, नाहीतर महागाई निधी आणखी लवकर खाते. उरलेल्या १२,०००त पुण्याचा वक्ता, त्याचा प्रवास, मुक्काम आणि मानधन बसवायचं. सभागृह शाळेचंच घ्या. नामवंतामागे धावू नका, सरांच्या विषयातला माणूस शोधा.

देणगीदारांकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं लेखी घ्याच. ते नसेल तर ट्रस्टच्या हिशेबात ती चालू वर्षाचं उत्पन्न धरली जाते.

पत्रिकेत व्याख्यानाचा विषय ठळक छापा. प्रतिमापूजन, पाच मिनिटं प्रास्ताविक, की लगेच वक्ता. सत्कार शेवटी (रुसणारे रुसतील).