अनुभव धागा: ‘चलता है’ म्हणजे नक्की काय चालतं?

मी पुण्यात जर्मनची दुभाषी आहे. बहुतेक काम कारखान्यांत असतं: जर्मनीहून इंजिनिअर येतात आणि आमच्या ऑपरेटरांशी माझ्या तोंडून बोलतात. गेल्या उन्हाळ्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

ग्राइंडिंग मशीनवरून २५ मिलिमीटरचा शाफ्ट निघाला. ड्रॉइंगप्रमाणे तो २५.००० च्या वर जायला नको आणि २४.९७९ च्या खाली यायला नको. पाहुण्यांनी स्वतः मायक्रोमीटर लावला, २५.००३ आलं. त्यांनी ऑपरेटरकडे बघितलं. तो उत्तर प्रदेशातला, चाळिशीचा, शांत माणूस. खांदे किंचित उचलून म्हणाला, “चलता है, साब.” मी भाषांतर केलं, “एस गेट.” शब्दाला शब्द बरोबर होता. पण जर्मनमध्ये ‘एस गेट’ म्हणजे जेमतेम, कसंबसं. पाहुण्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळच्या बैठकीत ते म्हणाले, इथल्या माणसांना तीन मायक्रॉनचं काही वाटत नाही.

बैठकीनंतर मी त्या ऑपरेटरला गाठून विचारलं, “काय चालतं?” त्यानं ट्रेमधला नुकताच काढलेला एक शाफ्ट माझ्या हातात दिला. तो कोमट होता. “अभी गरम है, मैडम. ठंडा होगा तो साइज़ में आ जाएगा.” वीस मिनिटांनी आम्ही तोच शाफ्ट मोजला: २४.९९९.

इतकं सगळं त्याच्या दोन शब्दांत होतं, आणि ते माझ्याकडून पोचलं नाही. तुमच्याकडे हे शब्द कुणी चुकीचे ऐकले का? किंवा तुम्ही बरोबर ऐकले आणि तरी त्रास झाला का? लिहा.

चाकण, क्वालिटी विभाग

ऑपरेटरचं गणित बरोबर आहे. २५ मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट दर अंशाला साधारण ०.३ मायक्रॉन फुगतो. मायक्रोमीटरपेक्षा शाफ्ट बारा-पंधरा अंशांनी गरम असेल, तर चार मायक्रॉनचा फरक सहज पडतो. जुन्या माणसाला हे हाताला कळतं.

पण पाहुण्यांची काळजीही खोटी नाही. बाहेरचा व्यास घासताना चाक झिजतं, तसा प्रत्येक पुढचा नग थोडा जाड निघतो. थंड झाल्यावर २४.९९९ म्हणजे वरच्या हद्दीला फक्त एक मायक्रॉन उरला. हा नग चालेल, पण आणखी दहा नगांनंतरचा चालणार नाही. मी असतो तर विचारलं असतं, “कितने पीस तक चलेगा?” चांगला ऑपरेटर लगेच आकडा सांगतो किंवा चाक ड्रेस करायला, म्हणजे त्याचा झिजलेला थर काढून ते पुन्हा नीट करायला घेतो. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याचं ‘चलता है’ मी मान्य करत नाही. आणि गरम नगाचं रीडिंग कागदावर चढवायचंच नाही, थांबायचं.

नागपूर

मला वाटतं याचं मूळ आपल्या कर्मसिद्धान्तात आहे. जे होणार ते होणारच, असं आपण हजारो वर्षं मानत आलो. परदेशी माणसाला तो आळस वाटणारच. शिवाय हा हिंदी भाषकांचा स्वभाव आहे, मराठीत असा शब्दच नाही.

सातारा, निवृत्त शिक्षिका

शब्द नाही कसा? मराठीत त्याचे तीन वेगळे शब्द आहेत. कुणी परवानगी मागितली तर आपण ‘चालेल’ म्हणतो. आमच्याकडे एखादी गोष्ट पुरेशी असेल तर ‘चालतंय की’. आणि जे आपल्या हातात नाही त्याला ‘चालायचंच’. पाऊस पडला, गाडी उशिरा आली, म्हातारपणी गुडघे दुखले, की ‘चालायचंच’. हिंदीत या तिन्ही ठिकाणी बरेचदा एकच ‘चलता है’ येतो. आपण संदर्भावरून वेगळे करतो, बाहेरच्याला ते करता येत नाही.

कर्माचं म्हणाल तर तो ऑपरेटर नशिबावर बोलत नव्हता, पोलादाबद्दल बोलत होता.

ठाणे

मला या विषयावर बोलायचंच होतं. घराच्या न्हाणीघरात नवीन फरशी घातली. उतार जाळीकडे हवा, तो दाराकडे दिला. बादलीभर पाणी ओतलं की अर्धं उंबऱ्याशी येऊन थांबतं. मिस्त्रीला दाखवलं तर म्हणतो, “इतना चलता है, भाभी.” सहा महिने रोज वायपर मारते आहे. परदेशी लोक गैरसमज करून घेतात म्हणे! मी तर इथलीच आहे आणि मला तो आळसच वाटतो. फरशी न उखडता उतार बदलता येतो का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.

चाकण, क्वालिटी विभाग

ताई, तुमचा राग रास्त आहे. दोन्हीकडे शब्द तेच आहेत, फरक इतकाच की शाफ्ट पुढे बिघडला असता तर त्या ऑपरेटरचीच पाळी खराब झाली असती. तुमच्याकडचं पाणी मिस्त्रीच्या घरात येत नाही. मी माणूस ओळखताना हेच बघतो: ‘चलता है’ म्हणणाऱ्याला ते स्वतः भोगायचं आहे का? उताराचं मला माहीत नाही, फरशीवाला कुणीतरी सांगेल.

म्युनिक

मी इथे आठ वर्षं आहे. माझं उलट झालं. सहकाऱ्याला मजकूर पाठवायला दोन दिवस उशीर झाला, तो माफी मागत आला. मी हसून म्हटलं, काही हरकत नाही, होतं असं. मनात अक्षरशः ‘चलता है यार’ होतं. त्या दोन रात्री जागून मी त्याचा भागही उरकला होता. पुढच्या आढाव्यात बॉस म्हणाले, तुम्हाला मुदतीचं फारसं वाटत नाही असं टीमला वाटतं.

त्याला लाज वाटू नये म्हणून मी ते बोलले होते. इथे बव्हेरियात यासाठी ‘पास्ट शोन’ असा शब्द आहे. कुणाचा धक्का लागून कॉफी सांडली की समोरचा तेच म्हणतो. दुभाषीताई, पुढच्या वेळी कुणी माफी मागितल्यावर ‘चलता है’ आलं तर हा शब्द वापरून बघा. तुमच्या शाफ्टला मात्र तो पुरला नसता.

कुर्ला

मला हा शब्द इतका गोड वाटत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी छातीभर पाण्यातून घरी आलो. अनोळखी लोकांनी बिस्किटं दिली, घरात घेतलं. तेव्हाचा ‘चलता है’ धीर देणारा होता, तो मी विसरणार नाही. पण त्यानंतर दर पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी भरतं आणि शेजारी तेच म्हणतात. २०१७ च्या १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनीही ‘चलता है’चा जमाना गेला असं म्हटलं होतं. म्हणजे टीका फक्त परदेशी करतात असं नाही.

सातारा, निवृत्त शिक्षिका

तुमचे शेजारी ‘चालायचंच’ म्हणत असतील. पाऊस त्यांच्या हातात नाही. पण नालाही त्यांच्या हातात नाही का, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही तिथे राहता, तुम्हीच सांगा.

कुर्ला

अर्ज तीनदा दिला. चौथ्यांदा सहीसाठी फिरलो तर चौदा घरांपैकी पाचांनीच सही केली. बाकीचे वाईट नाहीत, थकलेत. आळशी म्हणवत नाही.

दुभाषी

सगळं वाचते आहे. मागच्या आठवड्यात त्याच कारखान्यात गेले होते. एका नगावर ऑपरेटर पुन्हा “चलता है” म्हणाला. मी पाहुण्यांना थांबवून त्याला आधी विचारलं, “कितना, और कब तक?” तो म्हणाला, “आठ पीस और, फिर व्हील ड्रेस करूँगा.” मी जर्मनमध्ये फक्त तेवढंच सांगितलं. पाहुण्यांनी वहीत ‘८’ लिहिलं आणि नवव्या नगाला ते स्वतः मशीनपाशी जाऊन उभे राहिले.